‘खोली कमी झाली’ म्हणजे पाणी वाढलं: सीएसआर अहवालातले आकडे मराठीत आणताना

कंपनीच्या सीएसआर, म्हणजे सामाजिक जबाबदारीचं काम पाहणाऱ्या, विभागाकडून साधारण एकाच प्रकारचा फोन येतो. अहवाल इंग्रजीत आहे, काम प्रत्यक्ष केलं त्या तालुक्यातल्या ट्रस्टला तो मराठीत हवाय, आणि ‘फक्त परिणामांच्या आकड्यांचं प्रकरण करायचं आहे, आकडेच तर आहेत’. नव्या अनुवादकाला हे काम सोपं वाटतं. पण वाक्याचा अनुवाद थोडा फसला तर वाचणारा अर्थ सांभाळून घेतो, आकडा फसला तर त्याला ते कळतही नाही.

हा लेख पाणलोटाच्या एका प्रकल्पावर बेतलेला आहे, कारण असे अहवाल माझ्याकडे जास्त येतात. तीन गावं, नाला खोलीकरण, गाळ काढणं, काही सिमेंट बंधारे. खालचे सगळे आकडे मी समजावण्यासाठी रचलेले आहेत. मांडणी आणि खाचखळगे मात्र खऱ्या अहवालांत दिसतात तसेच.

आधी वाचणारा कोण ते पाहा

कंपन्यांच्या सीएसआर नियमांत जानेवारी २०२१ मध्ये बदल झाला. मागच्या तीन वर्षांत सरासरी १० कोटी किंवा जास्त सीएसआर खर्चाचं दायित्व असलेल्या कंपनीला तिच्या १ कोटी किंवा त्याहून मोठ्या प्रकल्पांचं परिणाम-मूल्यमापन स्वतंत्र संस्थेकडून करून घ्यावं लागतं. प्रकल्प पूर्ण होऊन किमान एक वर्ष झालेलं असावं लागतं. हा अहवाल संचालक मंडळासमोर जातो आणि वार्षिक सीएसआर अहवालाला जोडला जातो. म्हणजे मूळ मजकूर लिहिला गेला तो संचालकांसाठी.

तुमचा वाचक वेगळा आहे. तो आहे ट्रस्टचा सचिव, खजिनदार आणि एखादा निवृत्त शिक्षक असलेला विश्वस्त. ते हा अहवाल बैठकीत मोठ्याने वाचतील, त्यातले आकडे स्वतःच्या खातेवहीशी ताडून पाहतील आणि पुढच्या ग्रामसभेत त्यांना उत्तरं द्यावी लागतील. अनुवाद ह्या तिन्ही प्रसंगांत टिकला पाहिजे. म्हणून काम हाती घेतानाच कंपनीकडून पूर्ण अहवाल मागा, सारांश नको. नमुना कसा निवडला ते परिशिष्ट आणि प्रश्नावली हवीच. ट्रस्टकडून त्यांचे स्वतःचे एक-दोन मासिक प्रगती अहवाल मागा. त्यांच्या कागदात ‘सलग समतल चर’ असेल तर तुमच्याकडेही तेच असावं, तुम्ही घडवलेला नवा शब्द नको.

प्रत्येक आकड्याचं एक ओळखपत्र करा

अनुवादाला हात लावण्याआधी मी एक तक्ता करते. अहवालातला प्रत्येक आकडा एका ओळीत. रकाने पाचच: काय मोजलं, कोणत्या एककात, किती जणांपैकी किंवा किती ठिकाणी, कधी आणि कशाच्या तुलनेत, आणि चांगलं म्हणजे वर जाणं की खाली येणं. शेवटचा रकाना लोक गाळतात आणि तिथेच फसतात.

आमच्या प्रकल्पाच्या अहवालात एक ओळ होती: भूजलाची खोली ९.४ मीटरवरून ७.१ मीटरवर, १४ विहिरींची सरासरी. मूळ शब्द ‘डेप्थ टू वॉटर’, पुढे ‘रिड्यूस्ड’. घाईत मराठी होतं, ‘पाण्याची पातळी ९.४ मीटरवरून ७.१ मीटरपर्यंत कमी झाली’. व्याकरण चोख, आकडे बरोबर, अर्थ नेमका उलटा. जमिनीपासून पाण्यापर्यंतचं अंतर घटलं, म्हणजे पाणी वर आलं. विहिरीचं पाणी खाली गेलं असं वाचून विश्वस्तांचा चेहरा पडेल किंवा त्यांना राग येईल, आणि चूक अनुवादकाची असेल.

म्हणून मी असं लिहिते:

‘१४ विहिरींमध्ये जमिनीपासून पाण्यापर्यंतचे अंतर सरासरी ९.४ मीटर होते, ते ७.१ मीटर झाले. म्हणजे पाणी सरासरी २.३ मीटर वर आले.’

दुसरं वाक्य मुळात नाही. तरीही ते घालते, कारण ती नवी माहिती नाही, दोन आकड्यांची वजाबाकी आहे. पण असं प्रत्येक वाढीव वाक्य मी कंपनीला पाठवायच्या यादीत नोंदवते.

गावात विहीर फुटांत मोजतात, त्यामुळे फूट द्यायचा मोह होतो. द्या, पण एकाच जागी. ९.४ मीटर म्हणजे सुमारे ३१ फूट, ७.१ मीटर म्हणजे सुमारे २३. दोन्ही लिहिले की वाचणारा वजाबाकी करून ८ फूट म्हणतो, आणि २.३ मीटरचे खरे फूट होतात साडेसात. आकडे वेगवेगळे पूर्णांकात आणले की त्यांच्यातला फरक जुळत नाही. म्हणून तक्त्यात मीटरच ठेवा आणि फक्त फरकापुढे ‘सुमारे साडेसात फूट’ म्हणा.

आता ‘कधी’चा रकाना. ह्या अहवालात दोन्ही मोजण्या मे महिन्यातल्या होत्या, २०२१ आणि २०२४ मधल्या, आणि दोन्ही पावसाळ्याआधीच्या. ही तुलना ठीक. पण पहिली मोजणी मे महिन्यातली आणि दुसरी ऑक्टोबरमधली असेही अहवाल हाती येतात. पावसाळ्यानंतर विहीर भरलेली असतेच, प्रकल्प असो वा नसो. असं दिसलं तर आकडा बदलू नका, गाळूही नका. दोन्ही महिने मजकुरातच ठळक लिहा आणि कंपनीला लेखी विचारा. अनुवादकाने मूल्यमापन दुरुस्त करायचं नसतं, पण महिना तळटीपेत दडपून त्याला हातभारही लावायचा नसतो.

मिलियन, कोटी आणि तो घातक शून्य

पैशाचे आकडे मूळ अहवालात ‘एमएन’मध्ये असतात. एक मिलियन म्हणजे १० लाख, दहा मिलियन म्हणजे १ कोटी. हे सगळ्यांना पाठ असतं, तरी चुका होतात त्या दशांश चिन्हाच्या उजवीकडे.

समजा, प्रकल्पाची मंजूर तरतूद १२.६ मिलियन आणि ट्रस्टला दिलेले १०.९ मिलियन. पहिला आकडा १ कोटी २६ लाख, दुसरा १ कोटी ९ लाख. दुसरा दशांशात लिहायचा तर १.०९ कोटी. मधला शून्य टंकताना गळला की १.९ कोटी होतं, म्हणजे १ कोटी ९० लाख, आणि ट्रस्टच्या नावावर न मिळालेले ८१ लाख चढतात. माझ्या दुसऱ्याच कामात माझ्याकडून हे झालं होतं. खजिनदारांचा फोन आला, आवाज शांत होता: “ताई, हे एवढे पैसे आमच्याकडे आलेच नाहीत. मी सही कशावर करू?” तेव्हापासून लाख-कोटींत दशांश लिहायचाच नाही असा नियम केला आहे. ‘१ कोटी ९ लाख रुपये’, आणि कंसात पूर्ण रक्कम, ‘१,०९,००,०००’.

स्वल्पविराम हातानं टाकू नका. मूळ आकडे इंग्रजी अंकांतच एक्सेलमध्ये ठेवा, रकान्याला हा फॉरमॅट द्या, सगळ्या बेरजा तिथेच तपासा:

```
[>=10000000]##\,##\,##\,##0;[>=100000]##\,##\,##0;##,##0
```

देवनागरी अंक अगदी शेवटी, मजकूर पक्का झाल्यावर. देवनागरी अंक टंकलेल्या रकान्याची बेरीज एक्सेलला करायला लावू नका. आणि छापील प्रतीत १ आणि ९ नीट ओळखू येतात का ते एकदा कागदावर पाहा. झेरॉक्सच्या तिसऱ्या प्रतीत काही फाँट दगा देतात.

ह्याच ठिकाणी दुसरी अडचण शब्दांची. ‘आउटले’, ‘डिस्बर्स्ड’, ‘युटिलाइज्ड’ ह्या तिन्हींना ‘खर्च’ म्हणून चालत नाही. मंजूर तरतूद, ट्रस्टला वितरित रक्कम आणि प्रत्यक्ष झालेला खर्च ह्या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. १ कोटी २६ लाखांच्या तरतुदीत कंपनीने देखरेखीसाठी नेमलेल्या संस्थेचे पैसेही असू शकतात, ते ट्रस्टच्या खात्यात कधी येतच नाहीत. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली नोंदलेला ट्रस्ट आपले हिशेब धर्मादाय आयुक्तांकडे देतो, आणि कंपनीला उपयोगिता प्रमाणपत्र देतो ते वेगळं. तुमच्या अनुवादातली रक्कम ह्या कागदांशी जुळली पाहिजे, किंवा का जुळत नाही ते त्याच ओळीत दिसलं पाहिजे. काम सुपूर्द करण्याआधी उपयोगिता प्रमाणपत्राची प्रत मागून आकडे शेजारी ठेवून पाहा, दहा मिनिटं लागतात.

टीसीएमचं काय करायचं

बंधाऱ्यांची साठवण ‘८४ टीसीएम’ लिहिलेली असते. टीसीएम म्हणजे हजार घनमीटर, आणि एका घनमीटरात हजार लिटर. तेव्हा ८४ टीसीएम म्हणजे ८४ हजार घनमीटर, ८ कोटी ४० लाख लिटर. पाणलोटात काम केलेले ट्रस्टचे अभियंते टीसीएम सहज बोलतात, बाकीचे विश्वस्त नाही. मी दोन्ही देते, ‘८४ टीसीएम (सुमारे ८ कोटी ४० लाख लिटर)’. १२ हजार लिटरच्या टँकरने भागलं की ७ हजार टँकर निघतात. ऐकायला झकास, पण मुळात नसेल तर घालू नका. ग्रामसभेत कुणीतरी उठून विचारतो, मग मे महिन्यात टँकर का मागवला?

खरा प्रश्न क्रियापदाचा आहे. मूळ वाक्य ‘साठवण क्षमता निर्माण झाली’ असं असतं आणि मराठीत ते ‘एवढे पाणी साठले’ होऊन बसतं. क्षमता म्हणजे भांडं केवढं, त्यात पाणी किती आलं हा पावसाचा प्रश्न. काही अहवाल बंधारा वर्षातून दोन-तीनदा भरतो असं धरून क्षमतेला गुणतात. तसं असेल तर किती वेळा भरला हे धरलं आहे ते लिहा, नाहीतर एकाच बंधाऱ्याचे दोन आकडे ट्रस्टच्या फायलीत भांडत बसतील.

टक्के: कशाचे टक्के

आमच्या अहवालात लिहिलं होतं, रब्बीचं पीक घेणाऱ्या शेतकऱ्यांत ४५ टक्के वाढ. आणि पुढच्याच पानावर, आलेखाखाली, १८ टक्क्यांची वाढ. अनुवादकाला वाटतं एक चूक आहे. दोन्ही बरोबर होते. सर्वेक्षणातल्या २०० शेतकऱ्यांपैकी आधी ८० जण रब्बी घेत होते, नंतर ११६. म्हणजे ४० टक्क्यांवरून ५८ टक्क्यांवर. दोन टक्केवाऱ्यांमधला फरक १८, आणि मूळच्या ८० च्या तुलनेत ३६ ची भर, म्हणजे ४५ टक्के.

इंग्रजीत ‘पर्सेंटेज पॉइंट’ असा वेगळा शब्द आहे. मराठीत त्याला ‘टक्केबिंदू’ म्हणतात म्हणे, पण तो शब्द बैठकीत वाचला की चार जण एकमेकांकडे बघतात. त्यावर शब्द शोधत बसण्यापेक्षा दोन्ही टोकं लिहा:

‘सर्वेक्षणातील २०० शेतकऱ्यांपैकी पूर्वी ८० जण रब्बीचे पीक घेत होते, आता ११६ जण घेतात (४० टक्क्यांवरून ५८ टक्के).’

हे एक वाक्य दोन्ही पानांवरचा घोळ मिटवतं. माणसांची संख्या परिशिष्टात असतेच, शोधावी लागते, म्हणून ते परिशिष्ट मागायचं. आणि ‘सर्वेक्षणातील’ हा शब्द कधीही गाळू नका. तो गेला की ५८ टक्के तिन्ही गावांतल्या सगळ्या शेतकऱ्यांचे होतात.

पटींचंही असंच. ३०० टक्के वाढ म्हणजे तिप्पट नव्हे, चौपट. शंका आली तर पटच लिहू नका, आधी आणि नंतर लिहा.

लाभार्थी, ह्या शब्दापाशी थांबा

मला विचाराल तर सगळ्या प्रकरणात जास्तीत जास्त वेळ इथे द्यावा. अहवालाच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात असतं: ६,४४० जणांच्या ‘लाइव्ह्ज टच्ड’. ‘आयुष्यांना स्पर्श’ असं काही लिहिणार असाल तर कृपा करून लिहू नका. बहुतेक जण मग सवयीने लिहितात, ‘६,४४० लाभार्थी’.

महाराष्ट्रातल्या गावात लाभार्थी हा शब्द रिकामा नाही. घरकुलाचा लाभार्थी, ठिबकच्या अनुदानाचा लाभार्थी, निराधार योजनेचा लाभार्थी. त्याचं नाव यादीत असतं, यादी ग्रामपंचायतीच्या फलकावर लागते, आणि त्याच्या हाती किंवा खात्यात काहीतरी पडतं. तुम्ही ६,४४० लाभार्थी छापले की दुसऱ्या दिवशी ट्रस्टच्या दारात माणूस येतो, “आमचं नाव यादीत आहे म्हणे, पैसे कधी?” ट्रस्टच्या सचिवाला हा प्रश्न खोटा ठरवता येत नाही, कागद त्यांचाच असतो.

म्हणून आकडा उकला. आमच्या अहवालात तो असा बनला होता. ज्यांच्या शेतालगत काम झालं ते ३१० शेतकरी. कुटुंबात सरासरी चार माणसं धरून १,२४०. आणि ‘अप्रत्यक्ष’ म्हणून तिन्ही गावांची लोकसंख्या, ५,२००. बेरीज ६,४४०. आता ती १,२४० माणसं त्याच गावांत राहतात, म्हणजे ५,२०० मध्ये ती आहेतच. दोनदा मोजली गेली.

इथे तुम्ही ६,४४० चे ५,२०० करायचे नाहीत. तो अधिकार अहवाल लिहिणाऱ्यांचा. तुम्ही कंपनीला चार ओळींचं टिपण पाठवायचं: पृष्ठ अमुक, आकडा हा, त्याचे भाग हे, १,२४० दोन्हीकडे दिसतात, मराठीत काय ठेवू? उत्तर लेखी घ्यायचं. माझा अनुभव असा की विचारल्यावर बरेचदा मूळ इंग्रजीच दुरुस्त होतं. नाही झालं तर भाग वेगळे दिसतील अशी मांडणी करा:

‘ज्यांच्या शेतालगत काम झाले असे शेतकरी: ३१०. त्यांच्या कुटुंबांतील व्यक्ती (प्रत्येकी सरासरी चार धरून): १,२४०. तीनही गावांची एकूण लोकसंख्या: ५,२००. अहवालात यांपैकी शेवटच्या दोन गटांची बेरीज ६,४४० दिली आहे.’

‘लाभार्थी’ हा शब्द मी फक्त ज्यांच्या नावाची यादी ट्रस्टकडे आहे त्यांच्यासाठी ठेवते. इथे ते ३१० शेतकरी. बाकीच्यांसाठी जे खरं आहे ते, म्हणजे ‘कुटुंबातील व्यक्ती’, ‘गावांची लोकसंख्या’. प्रशिक्षणाची ‘उपस्थिती’ असेल तर तीही माणसांत बदलू नका. सहा शिबिरांना मिळून २४० हजेऱ्या म्हणजे २४० माणसं नव्हेत, तेच चाळीस जण सहा वेळा आलेले असू शकतात.

‘मुळे’ आणि ‘आढळले’

मराठीत ‘मुळे’ हे शब्दयोगी अव्यय फार सहज येतं. ‘प्रकल्पामुळे उत्पन्न वाढले’ हे लिहायला दोन सेकंद लागतात. मूळ वाक्य पाहा. तिथे कदाचित फक्त एवढंच असेल की सर्वेक्षणात उत्तर देणाऱ्यांनी उत्पन्न वाढल्याचं सांगितलं. मग मराठी ‘उत्पन्न वाढल्याचे शेतकऱ्यांनी सांगितले’. एजन्सीने स्वतः मोजलं असेल तर ‘आढळले’. जिथे काम झालं नाही अशा शेजारच्या गावाशी तुलना करून, पाऊस आणि भाव वगळून काही निष्कर्ष काढला असेल तरच ‘मुळे’. मी पहिला खर्डा झाल्यावर फाइलमध्ये ‘मुळे’ शोधते आणि प्रत्येक ठिकाणी मुळाशी जाऊन बघते. दर वेळी दोन-तीन तरी स्वतःहून घातलेले सापडतात.

सामाजिक परताव्याचं गुणोत्तर, म्हणजे एसआरओआय, १ : ३.२ असं आलं तर एक वाक्य पुरेसं: ‘खर्चाच्या प्रत्येक रुपयामागे ३ रुपये २० पैशांचा सामाजिक लाभ झाल्याचा अंदाज मूल्यमापन संस्थेने काढला आहे, ही रोख रक्कम नाही.’ शेवटचे चार शब्द मुळात नसले तरी कंपनीची परवानगी घेऊन घालाच.

द्यायच्या आधी वाचून दाखवा

खर्डा झाला की ट्रस्टमधल्या एका माणसाला फोन करा. ज्याने प्रकल्पावर काम केलं नाही असा मिळाला तर बरं, उदाहरणार्थ हिशेब पाहणाऱ्या ताई. आकड्यांचं एक पान वाचून दाखवा आणि मग विचारा, तुम्ही गावात हे कसं सांगाल? ‘समजलं का’ असं विचारू नका, उत्तर नेहमी ‘हो’ येतं. त्या स्वतःच्या शब्दांत सांगू लागल्या की चुका आपोआप वर येतात.

त्या १४ विहिरींच्या ओळीवर मला असंच उत्तर आलं, “म्हणजे प्रत्येक विहिरीत साडेसात फूट पाणी वाढलं.” सरासरी हा शब्द कानावरून गेला होता. परिशिष्टात पाहिलं तर दोन विहिरींत काहीच फरक नव्हता आणि त्यातली एक विश्वस्तांपैकीच एकाची होती. कंपनीला विचारून ती ओळ वाढवली: ‘१४ पैकी १२ विहिरींमध्ये पाणी वर आले, दोन विहिरींमध्ये फरक आढळला नाही.’

सुपूर्द करताना तीन फाइली द्या. मराठी मजकूर, आकड्यांचा तक्ता ज्यात मूळ पृष्ठक्रमांक आहेत, आणि विचारलेल्या शंका व त्यांची लेखी उत्तरं. तिसरी फाइल कंपनीला नकोशी वाटते, पण मी ती देतेच. सहा महिन्यांनी कुणी विचारलं की ६,४४० कुठून आले, तर सचिवांना ती उघडून दाखवता येते.